यंत्राचा डोळा कसा पारखावा



चित्रातील वस्तू ओळखणारे यंत्र ही आता प्रयोगशाळेतली नवलाई राहिलेली नाही. कारखान्याच्या फाटकावर आणि इमारतीच्या बांधकामावर कॅमेरे लागतात, त्यांच्यामागे एक संगणक बसतो, आणि कोणाच्या डोक्यावर हेल्मेट आहे व कोणाचे डोके उघडे आहे हे तो चित्रावर चौकट आखून सांगतो. असे यंत्र विकायला येणारा गृहस्थ बरोबर एक आकडा घेऊन येतो. तो म्हणतो, "आमच्या यंत्राचा एमएपी ब्याऐंशी आहे." ऐकणाऱ्याला वाटते, यंत्र शंभरांत ब्याऐंशी वेळा बरोबर असते. हा समज चुकीचा आहे. आकडा खोटा असतो असे नव्हे. पण ऐकणाऱ्याच्या मनात जो प्रश्न असतो त्याचे ते उत्तर नसते. हा आकडा कसा तयार होतो, तो काय सांगतो व काय सांगत नाही, आणि यंत्राने केव्हा बोलावे व केव्हा गप्प राहावे हे कोणत्या हिशेबाने ठरवावे, एवढाच आजचा विषय आहे. गणित बेरीज-भागाकाराच्या पलीकडे जाणार नाही, याची आम्ही हमी देतो.

यंत्र काय बोलते

असे यंत्र प्रत्येक चित्रावर काही दावे करते. आम्ही मुद्दामच दावा हा शब्द वापरतो, कारण तो सिद्ध व्हायचा असतो. प्रत्येक दाव्याचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे चौकट : वस्तू चित्रात कोठे आहे. दुसरा भाग म्हणजे नाव : 'हेल्मेट' किंवा 'उघडे डोके'. आणि तिसरा भाग म्हणजे शून्य ते एक यांमधला एक आकडा, ज्याला आपण खात्रीचा आकडा म्हणू. इंग्रजीत त्याला कॉन्फिडन्स म्हणतात. ०.९७ म्हणजे यंत्र मोठ्या धिटाईने बोलते आहे, ०.२२ म्हणजे ते चाचपडत बोलते आहे.

यंत्राला मोकळे सोडले तर ते एकेका चित्रावर शेकडो दावे करील, कारण अगदी क्षीण संशयसुद्धा ते नोंदवू शकते. म्हणून आपण एक उंबरठा घालतो. उंबरठा ०.५० वर ठेवला म्हणजे त्याखालच्या आकड्याचे सगळे दावे टाकून द्यावयाचे आणि वरचे तेवढे ऐकावयाचे. हा उंबरठा यंत्र ठरवीत नाही. तो माणूस ठरवतो, आणि बहुधा तो कोणी ठरवला हे कोणालाच ठाऊक नसते. यंत्राबरोबर आला तो तसाच राहिला, एवढेच.

खरा दावा कोणता

दावा खरा की खोटा हे पाहायचे तर आधी सत्य काय ते ठाऊक हवे. त्यासाठी काही चित्रे माणसांना देतात आणि त्यांतील प्रत्येक डोक्याभोवती हाताने चौकट आखून घेतात. या माणसांनी केलेल्या नोंदीला आपण खरी यादी म्हणू. यंत्राची चौकट या यादीतल्या चौकटीवर किती नीट बसते, हे मोजण्याची रीत सोपी आहे. दोन्ही चौकटींचा सामाईक भाग घ्यावा, आणि दोन्हींनी मिळून व्यापलेल्या एकूण जागेने त्याला भागावे.

एक उदाहरण घेऊ. खरी चौकट वीस बोटे लांब, वीस बोटे रुंद आहे. म्हणजे क्षेत्र ४००. यंत्राची चौकट तेवढीच आहे, पण पाच बोटे बाजूला सरकली आहे. सामाईक भाग पंधरा गुणिले वीस, म्हणजे ३००. दोन्हींनी मिळून व्यापलेली जागा ५००. भागाकार ०.६०. तीच चौकट सात बोटे सरकली तर सामाईक भाग २६०, एकूण जागा ५४०, आणि भागाकार ०.४८. सर्वांत रूढ असलेली अट ०.५० ची आहे. म्हणजे पाच बोटे सरकलेला दावा उत्तीर्ण आणि सात बोटे सरकलेला नापास.

आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. एका खऱ्या डोक्यासाठी एकच दावा खरा धरतात. त्याच डोक्यावर यंत्राने दुसरी चौकट आखली तर ती खोट्यांत जमा होते, मग ती कितीही नीट बसलेली असो.

दोन प्रश्न

आता परीक्षा घेताना दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. पहिला : यंत्राने जे दावे केले, त्यांतले खरे किती? याला इंग्रजीत प्रिसिजन म्हणतात. आपण नेमकेपणा म्हणू. दुसरा : खऱ्या यादीत जेवढी उघडी डोकी होती, त्यांतली यंत्राच्या हाती किती लागली? याला रिकॉल म्हणतात. आपण पकड म्हणू. पहिल्या भागाकारात खाली यंत्राचे दावे असतात, दुसऱ्यात खाली जगातले सत्य असते. वर दोन्हीकडे एकच संख्या : खरे ठरलेले दावे.

ही जोडी काही कॅमेऱ्यांसाठी जन्मली नाही. ती ग्रंथालयांतून आली. इंग्लंडात क्रॅनफील्ड येथील विमानविद्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी १९५० ते ७० या काळात सूचीच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना करणारे प्रयोग केले, आणि ही दोन मापे त्या प्रयोगांतून रूढ झाली. वाचकाने विषय सांगितला. सूचीने दहा पुस्तके काढून दिली. त्यांतली उपयोगाची किती, हा नेमकेपणा. आणि ग्रंथालयात त्या विषयावरची जेवढी पुस्तके होती त्यांतली किती हाती आली, ही पकड. सगळे ग्रंथालयच वाचकापुढे ओतले तर पकड पूर्ण होईल आणि नेमकेपणा धुळीला मिळेल. एकच खात्रीचे पुस्तक दिले तर नेमकेपणा पूर्ण, पण पकड नाममात्र. दोन प्रश्न वेगळे का ठेवावे लागतात, ते यावरून कळेल.

बारा दाव्यांचा हिशेब

आता एक हिशेब पूर्ण करून पाहू. समजा, एका ओतकामाच्या कारखान्यातली वीस चित्रे आहेत आणि खऱ्या यादीप्रमाणे त्यांत एकूण दहा उघडी डोकी आहेत. आकडे समजुतीसाठी लहान घेतले आहेत. 'उघडे डोके' या नावाखाली यंत्राने बारा दावे केले. ते खात्रीच्या आकड्याप्रमाणे उतरत्या क्रमाने मांडू, आणि प्रत्येक ओळीवर थांबून, तोपर्यंतचा नेमकेपणा आणि पकड लिहू.

| दावा | खात्री | निकाल | नेमकेपणा | पकड |
|---|---|---|---|---|
| १ | ०.९७ | खरा | १.०० | ०.१० |
| २ | ०.९४ | खरा | १.०० | ०.२० |
| ३ | ०.९१ | खरा | १.०० | ०.३० |
| ४ | ०.८८ | खोटा | ०.७५ | ०.३० |
| ५ | ०.८२ | खरा | ०.८० | ०.४० |
| ६ | ०.७६ | खरा | ०.८३ | ०.५० |
| ७ | ०.६९ | खोटा | ०.७१ | ०.५० |
| ८ | ०.६१ | खरा | ०.७५ | ०.६० |
| ९ | ०.५२ | खरा | ०.७८ | ०.७० |
| १० | ०.४४ | खोटा | ०.७० | ०.७० |
| ११ | ०.३५ | खरा | ०.७३ | ०.८० |
| १२ | ०.२२ | खोटा | ०.६७ | ०.८० |

चौथा दावा एका उलट्या घमेल्यावर होता. सातवा दावा करड्या रंगाच्या हेल्मेटवर होता; यंत्राने ते करडे केस मानले. दहावा दावा आधीच सापडलेल्या डोक्यावरची दुसरी चौकट होती. बारावा भिंतीवरच्या सावलीवर होता. आणि दोन डोकी अशी होती की त्यांच्याबद्दल यंत्राने तोंडच उघडले नाही. ही शेवटची गोष्ट कोष्टकात दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगितली.

खाली उतरत जाल तशी पकड वाढते किंवा होती तेथेच राहते. ती कधी कमी होत नाही. नेमकेपणा मात्र खालीवर हेलकावे खात एकंदरीत उतरत जातो. उंबरठा म्हणजे या कोष्टकावर ओढलेली आडवी रेघ. ती ०.९० वर ओढली तर तीन दावे, तिन्ही खरे, पण दहांतली सात डोकी निसटली. ०.५० वर ओढली तर नऊ दावे, त्यांतले सात खरे. ०.३० वर ओढली तर अकरा दावे, आठ खरे आणि तीन खोटे.

विक्रेत्याचा आकडा

येथून विक्रेत्याच्या आकड्याकडे जाऊ. रेघ कोठे ओढायची हे न ठरवता साऱ्या कोष्टकाला मिळून एक गुण द्यायचा, अशी ती कल्पना आहे. पकडीच्या प्रत्येक पायरीवर, म्हणजे ०.१०, ०.२० असे वर चढत, त्या पायरीवर किंवा तिच्या पुढे मिळणारा सर्वांत चांगला नेमकेपणा घ्यावा. आपल्या कोष्टकात पहिल्या तीन पायऱ्यांवर तो १.००, पुढच्या दोहोंवर ०.८३, त्यापुढच्या दोहोंवर ०.७८ आणि आठवीवर ०.७३ आहे. शेवटच्या दोन पायऱ्यांवर यंत्र पोहोचलेच नाही, तेथे शून्य. या दहांची सरासरी सुमारे ०.६९५ येते. हा झाला 'उघडे डोके' या एका नावाचा सरासरी नेमकेपणा. प्रत्येक नावाचा असा आकडा काढून त्यांची पुन्हा सरासरी काढली, की झाला मीन अ‍ॅव्हरेज प्रिसिजन, म्हणजेच एमएपी. सरासऱ्यांची सरासरी.

आता समजा, याच यंत्राला 'हेल्मेट' या नावावर ०.९४५ मिळाले. दोहोंची सरासरी ०.८२. हाच तो ब्याऐंशीचा आकडा! हेल्मेट पिवळे, गोल, चकचकीत. ते ओळखणे सोपे. पण आपल्याला हेल्मेट शोधायचे नव्हते, उघडे डोके शोधायचे होते, आणि त्या कामात यंत्राला ०.६९५ आहेत. गणितात नव्वद आणि भाषेत सत्तर मिळवणाऱ्या मुलाची सरासरी ऐंशी येते, म्हणून त्याला भाषांतराचे काम कोणी देत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : सरासरी राहू द्या, आमच्या कामाच्या नावाचा आकडा काय?

दुसरी गोष्ट चौकटीच्या अटीची. पास्कल व्हीओसी या नावाच्या जुन्या स्पर्धेत, जी २००५ ते २०१२ पर्यंत दरवर्षी झाली, अट ०.५० ची होती. २०१४ साली आलेल्या कोको या चित्रसंग्रहाने अट कडक केली. तेथे ०.५० पासून ०.९५ पर्यंत ०.०५ च्या अंतराने दहा अटी लावून, दहा वेळा गुण काढून, त्यांची सरासरी घेतात. साहजिकच तेच यंत्र पहिल्या रीतीने मोठा आकडा मिळवते आणि दुसऱ्या रीतीने बराच लहान. एका विक्रेत्याने पहिल्या रीतीचा आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीचा आकडा दिला तर त्यांची तुलना म्हणजे शेर आणि किलोग्रॅम एकाच पारड्यात घालणे होय. शिवाय चौकट सात बोटे सरकली म्हणून डोके उघडे असल्याचे खोटे ठरत नाही. चौकट काटेकोर हवी की ढोबळ चालेल, हे कामावरून ठरते. आपल्या कामाला ढोबळ चालते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. या साऱ्या हिशेबात खात्रीच्या आकड्याचा उपयोग फक्त क्रम लावण्यापुरता झाला. आपल्या बाराही दाव्यांची खात्री निम्मी करा : ०.९७ चे ०.४८५, ०.९४ चे ०.४७. क्रम तोच राहील, म्हणून गुणही अगदी तेच राहतील, ०.६९५. पण उंबरठा ०.५० वर असेल तर आता एकही दावा वर येणार नाही. यंत्र ठार मुके होईल! दोन्ही यंत्रांचा गुण सारखा, एक बोलते आणि एक गप्प. म्हणजे हा गुण उंबरठ्याबद्दल काहीच सांगत नाही. तसेच ०.९० खात्री म्हणजे दहांतले नऊ खरे, असेही समजू नये. आपला चौथा दावा ०.८८ चा होता आणि तो घमेल्यावर होता. खात्रीचा आकडा यंत्राच्या स्वभावाचा आहे. तो जगाशी जुळतो की नाही हे वेगळे तपासावे लागते.

उंबरठा कोणाच्या हिशेबाने

मग उंबरठा कोठे ठेवावा? पुस्तकांत एक तयार उत्तर सापडते : नेमकेपणा आणि पकड यांना सारखे वजन देऊन एक मिश्र गुण काढा, त्याला एफ-वन म्हणतात, आणि तो जेथे सर्वांत मोठा येईल तेथे रेघ ओढा. आपल्या कोष्टकात तो अकराव्या दाव्यावर येतो, सुमारे ०.७६. हे उत्तर नीटनेटके दिसते खरे, पण त्यात एक गृहीत लपलेले आहे. एक खोटा दावा आणि एक निसटलेले डोके यांचे नुकसान सारखेच, असे ते धरून चालते. हे नुकसान कोणाचे, असा प्रश्न केला की उत्तर डळमळते.

पहिला उपयोग घ्या. भट्टीजवळ क्रेनखाली जाणाऱ्या वाटेवर कॅमेरा आहे, आणि उघडे डोके दिसले की घंटा वाजते. येथे दावा खोटा ठरला तर काय होते? माणूस वर पाहतो, डोक्याला हात लावतो, हेल्मेट आहे असे पाहून पुढे जातो. दोन क्षण गेले. आणि डोके निसटले तर? वरून पडणारा तुकडा उंबरठ्याचा आकडा विचारीत नाही. येथे रेघ खाली हवी, ०.३० च्या आसपास. आणि गंमत पाहा, दहावा दावा, जो कोष्टकात खोटा धरला, तो एका खरोखरच्या उघड्या डोक्यावरची दुसरी चौकट होती. घंटेच्या कामात त्याने काहीच बिघडवले नाही.

आता दुसरा उपयोग. तेच यंत्र, तोच कॅमेरा, पण घंटेऐवजी दावा थेट हजेरीच्या नोंदीत जातो आणि पगारातून दंड कापला जातो. येथे खोट्या दाव्याचे मोल पूर्ण वेगळे आहे. सातवा दावा आठवा : करडे हेल्मेट घातलेला माणूस. त्याने नियम पाळला आणि पगार त्याचाच कापला गेला. येथे रेघ ०.९० च्या वर न्यावी लागेल, आणि तरीही प्रत्येक चित्र माणसाने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ देता कामा नये. कारण दाखवण्याची संधी दिल्यावाचून पगारातून दंड करता येत नाही, हे १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. चौकट आणि ०.८८ हा आकडा म्हणजे ती संधी नव्हे.

यावरून दिसेल की एकाच यंत्राला दोन कामांसाठी दोन उंबरठे लागतात. घंटेसाठी खाली ठेवलेला उंबरठा कोणी तसाच दंडाला लावला, तर यंत्रात कसलाही बिघाड न होता अन्याय होईल. म्हणून यंत्र बसवतानाच लेखी ठरवून घ्यावे : हा उंबरठा अमुक कामासाठी, दुसऱ्या कामासाठी नव्हे.

परीक्षेची चित्रे आणि कारखान्याचा मजला

येथवर आपण परीक्षेच्या वीस चित्रांत होतो. आता मजल्यावर येऊ, कारण खरी फसगत तेथे होते.

त्या वीस चित्रांत दहा उघडी डोकी होती. परीक्षेसाठी चित्रे निवडताना ज्यात काही सापडेल अशीच निवडतात. पण चालू कारखान्यात बहुतेक लोक हेल्मेट घालतात. समजा, मजल्यावरच्या हजार चित्रांत दहा उघडी डोकी आहेत. उंबरठा ०.५० वर आहे. पकड तीच राहिली असे मानू. दहांतली सात सापडतील. आता खोटे दावे. वीस चित्रांत घमेले आणि करडे हेल्मेट असे दोन खोटे दावे आले होते, म्हणजे दहा चित्रांमागे एक. घमेली आणि करडी हेल्मेटे मजल्यावरही तितकीच आहेत असे धरले, तर हजार चित्रांत शंभर खोटे दावे येतील. एकूण दावे एकशे सात, त्यांतले खरे सात. परीक्षेत अठ्ठ्याहत्तर टक्के असलेला नेमकेपणा मजल्यावर साडेसहा टक्के झाला. यंत्र तेच, उंबरठा तोच. फक्त उघडी डोकी विरळ झाली.

हे नीट समजून घ्यावे. पकड ही खऱ्या डोक्यांमधून मोजली जाते, म्हणून ती डोक्यांच्या संख्येवर फारशी अवलंबून नसते. नेमकेपणा मात्र खरे आणि खोटे यांची सरमिसळ आहे. खरे विरळ झाले की तो कोसळतो. म्हणून मजल्यावरच्या कामासाठी 'नेमकेपणा किती' यापेक्षा 'एका पाळीत खोट्या घंटा किती' हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. कामगाराला टक्केवारी ऐकू येत नाही, घंटा ऐकू येते. एका पाळीत शंभर खोट्या घंटा वाजल्या तर तिसऱ्या दिवशी तिच्याकडे कोणी पाहणार नाही, आणि आठवड्यात कोणीतरी तिच्यात फडके कोंबील. मग कागदावरची सत्तर टक्के पकड प्रत्यक्षात शून्य होईल. म्हणजे घंटेचा उंबरठाही वाटेल तितका खाली नेता येत नाही. लोक किती खोट्या घंटा सोसतील, ही त्याची खालची मर्यादा.

चित्रे कोठली, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. हेल्मेट ओळखण्याच्या कामात एसएचडब्ल्यूडी नावाचा एक खुला चित्रसंग्रह पुष्कळ वापरला जातो. त्यात सुमारे साडेसात हजार चित्रे आहेत. पण त्यातल्या उघड्या डोक्यांचा काही भाग एका दुसऱ्या संग्रहातून घेतला आहे, आणि त्या दुसऱ्या संग्रहात वर्गांत बसलेल्या विद्यार्थ्यांची डोकी आहेत. बाकांवर, चांगल्या उजेडात बसलेली तरुण डोकी ओळखण्यात यंत्र पटाईत झाले, म्हणून भट्टीच्या धुरात डोक्याला पंचा गुंडाळलेला माणूस ते ओळखील याचा काही भरवसा नाही. पंचा म्हणजे हेल्मेट की उघडे डोके, हे तर खरी यादी करणाऱ्या माणसांनीच आधी ठरवायला हवे. त्यांचे एकमत नसेल तर यंत्राकडून कशाची अपेक्षा करावी?

परीक्षा कशी घ्यावी

आता करायचे काय, ते क्रमाने सांगतो. यंत्राला ज्यांनी शिकवले त्यांना न दाखवलेली, आपल्याच मजल्यावरची चित्रे घ्यावीत. दिवसपाळीची आणि रात्रपाळीची, पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली, आणि ज्यात काहीच घडत नाही अशीही. सुरक्षा समितीतल्या दोन माणसांनी वेगवेगळे बसून खऱ्या याद्या कराव्यात आणि जेथे मतभेद होतील तेथे नियम लिहून काढावा. मग यंत्राला उंबरठा जवळजवळ शून्यावर ठेवून चालवावे, म्हणजे त्याचे सगळे दावे हाती येतील, आणि आपण केले तसे कोष्टक मांडावे. दिवसपाळीचे वेगळे, रात्रपाळीचे वेगळे. कोष्टकाच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवावा : या उंबरठ्यावर पाळीमागे खोट्या घंटा किती. लोकांना सोसेल एवढी संख्या आधी ठरवावी, आणि त्या मर्यादेत बसणारा सर्वांत खालचा उंबरठा घ्यावा. शेवटी ज्या चित्रांवरून उंबरठा निवडला नाही अशा वेगळ्या चित्रांवर तो पुन्हा पडताळावा. नाहीतर आपण प्रश्नपत्रिका पाहून उत्तर लिहिल्यासारखे होईल.

चित्रे किती घ्यावीत? आपल्या कोष्टकात ०.९० वर तीन दावे होते आणि तिन्ही खरे होते. म्हणून 'शंभर टक्के नेमकेपणा' अशी जाहिरात करता येईल, पण तीनांवरून काहीच सिद्ध होत नाही. संख्याशास्त्राचा एक ढोबळ नियम आहे : जितके दावे तपासले आणि एकही खोटा निघाला नाही, त्या संख्येने तीनला भागावे. खऱ्या चुकीचे प्रमाण तेवढ्यापर्यंत असू शकते, असे धरून चालावे. शंभर दावे तपासून एकही खोटा नाही, तरी शंभरात तीन चुका असणे शक्य आहे. तीनशे तपासले तर शंभरात एक. ज्याच्यावरून कोणाचा पगार कापायचा आहे तेथे तीन दाव्यांवर भागवता येत नाही.

एवढे सगळे करूनही काही गोष्टी उंबरठ्याच्या हातात नसतात. यंत्राने ज्या दोन डोक्यांबद्दल तोंडच उघडले नाही, ती रेघ कितीही खाली नेली तरी सापडणार नाहीत. घमेल्याला डोके समजण्याची खोड रेघ सरकवून जाणार नाही. रेघ वर नेली तर घमेल्याबरोबर खरी डोकीही जातील. त्यासाठी कॅमेऱ्याची जागा बदलावी लागेल, दिवे लावावे लागतील, आपल्या मजल्यावरची चित्रे देऊन यंत्राला पुन्हा शिकवावे लागेल. उंबरठा चुका कमी करीत नाही. तो फक्त चुकांची वाटणी करतो : काही चुका निसटलेल्या डोक्यांच्या वाट्याला, काही खोट्या ठपक्यांच्या वाट्याला. आणि ही वाटणी करताना ज्यांच्या वाट्याला त्या येणार आहेत ते लोक त्या बैठकीत असावेत, असे आम्हाला वाटते. कारण निसटलेले डोकेही त्यांचे आणि कापलेला पगारही त्यांचाच.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "एमएपी ब्याऐंशी" म्हणाला, तर त्याला नम्रपणे चार गोष्टी विचाराव्यात. आमच्या कामाच्या नावाचा आकडा काय? चौकटीची अट कोणती? आमच्या मजल्यावर, आमच्या उंबरठ्यावर, पाळीमागे खोट्या घंटा किती आणि निसटलेली डोकी किती? आणि हा उंबरठा कोणत्या कामासाठी ठरवला आहे? या चारांची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत त्याच्याशी किमतीची बोलणी करावीत.